चुन्याचा काळा रंग

स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा. उकळी फुटली की गॅस बंद करा, पातेल्याचा बाहेरचा भाग फडक्याने कोरडा पुसा आणि एसी दुरुस्त करणारे लोक वापरतात ती टेंपरेचर गन त्याच्या चकचकीत बाजूवर जवळून रोखा. पडद्यावर चाळीस-पन्नासच्या आसपास आकडा येईल. आत नव्वदीच्या पुढचे पाणी आहे, पातळ पत्र्याची बाजू जवळपास तितकीच तापलेली आहे, हात लावला तर चटका बसेल. तरी गन सांगते की पातेले कोमट आहे.

आता त्याच पातेल्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी बोटभर चिकटवा, अर्धा मिनिट थांबा आणि गन पट्टीवर रोखा. आकडा नव्वदीच्या घरात जातो. गन बिघडलेली नाही. पातेल्याचे तापमानही अर्ध्या मिनिटात दुप्पट झालेले नाही. पट्टी आणि स्टील दोन्ही जवळपास सारखेच तापलेले आहेत, पण पट्टी आपली उष्णता किरणांच्या रूपाने भरभरून बाहेर टाकते आणि स्टील हात आखडून टाकते. गनला तापमान दिसत नाही, तिला फक्त येणारे अवरक्त किरण मोजता येतात. किती किरण आले म्हणजे किती तापमान, हे ती एका गृहीतावर ठरवते आणि ते गृहीत बहुतेक स्वस्त गनांत कारखान्यातच ०.९५ असे बसवलेले असते.

या ०.९५ ला उत्सर्जकता म्हणतात. एखाद्या तापमानाला कोणताही पृष्ठभाग जास्तीत जास्त किती किरण टाकू शकतो, याला निसर्गाने एक कमाल मर्यादा घालून दिली आहे. त्या मर्यादेपर्यंत पोचणाऱ्या आदर्श पृष्ठभागाला कृष्णवस्तू म्हणतात. खरे पृष्ठभाग तिथवर पोचत नाहीत. कमाल शंभर धरली तर चिकटपट्टी पंचाण्णव टाकते, वापरातले स्टीलचे भांडे पंधरा-वीस आणि घासून आरशासारखे केलेले ॲल्युमिनियम पाचही टाकत नाही. हे गुणोत्तर म्हणजे उत्सर्जकता. शोषकता हे त्याचे दुसरे अंग: अंगावर पडलेल्या शंभर किरणांपैकी पृष्ठभागाने किती पोटात घेतले आणि किती परतवले, याचा हिशेब.

मग गनला चाळीस-पन्नास तरी कुठून दिसले? स्टीलची उत्सर्जकता ०.२ धरली, तर उरलेले ०.८ आरशाचे काम करतात. स्वयंपाकघराच्या भिंती, ओटा, गन धरणारा हात यांच्यातून निघालेले तिशीच्या तापमानाचे किरण पातेल्यावर आपटून गनमध्ये शिरतात. म्हणजे गन पातेल्याकडे बघत असली, तरी तिला मुख्यतः स्वयंपाकघराचे प्रतिबिंब दिसत असते. पंचाण्णव अंशांच्या भांड्यासाठी हा हिशेब मांडला की उत्तर सत्तेचाळीसच्या जवळपास येते.

आता या दोन अंगांचे नाते. चांगला शोषणारा पृष्ठभाग चांगला उत्सर्जकही असतो, हे वाक्य आपण शाळेत पाठ केले. काळी वस्तू उष्णता लवकर घेते आणि लवकर सोडते, असे उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळवले. पण त्यात दोन प्रश्न तसेच राहून जातात. घेणे आणि देणे ही वेगळी कामे आहेत, मग एकात तरबेज असणारा दुसऱ्यातही तरबेज असलाच पाहिजे, ही सक्ती कुठून आली? आणि ही सक्ती खरी असेल, तर घरावर पांढरा चुना मारल्याने घर गार का राहते? चुना ऊन घेत नाही, म्हणजे तो वाईट शोषक. मग तो वाईट उत्सर्जकही ठरायला हवा आणि एकदा तापला की तापलेलाच राहायला हवा. तसे होत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी विल्यम रिची या शास्त्रज्ञाचा एक साधा प्रयोग फार उपयोगी आहे. त्याने मधोमध गरम पाण्याचे भांडे ठेवले. भांड्याची एक बाजू काजळीने काळी केलेली, दुसरी चकचकीत. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर धातूच्या दोन पोकळ डब्या, त्यांतली एक काळी, दुसरी चकचकीत. दोन्ही डब्यांतली हवा एका वाकड्या काचनळीने जोडलेली आणि नळीत रंगीत द्रवाचा खांब. ज्या बाजूची हवा जास्त तापेल ती द्रवाला पलीकडे ढकलणार. रिचीने भांड्याच्या काळ्या बाजूसमोर चकचकीत डबी आणि चकचकीत बाजूसमोर काळी डबी ठेवली. द्रव जागचा हलला नाही.

याचा अर्थ नीट लावून पाहू. काळ्या बाजूतून उष्णता भरपूर निघते, पण समोरची चकचकीत डबी त्यातली थोडीच घेते. चकचकीत बाजूतून थोडी निघते, पण समोरची काळी डबी ती जवळजवळ सगळी घेते. दोन्हीकडचे गुणाकार अगदी सारखे येतात. काळा पृष्ठभाग चकचकीतापेक्षा जितक्या पटीने जास्त टाकतो, तितक्याच पटीने जास्त घेतो. 'दोन्हीही चांगले' इतकेच हे विधान नाही, पट तीच आहे.

पण प्रयोगाने 'असे आहे' एवढे कळले. 'असेच का असले पाहिजे' हे गुस्टाफ किर्खहॉफने १८५९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला दाखवले. सोप्या रूपात त्याचा युक्तिवाद असा. सगळीकडून बंद असलेली एक भट्टी घ्या, तिच्या भिंती एकाच तापमानाला. आत एक काळी आणि एक चकचकीत पट्टी टांगा. बराच वेळ गेला की दोन्ही पट्ट्या भिंतींच्या तापमानाला येऊन स्थिर होणार, हे अनुभवाने सगळ्यांना ठाऊक आहे. आता दोन्ही पट्ट्यांवर भिंतींकडून सारखेच किरण पडतात, समजा शंभर. काळी त्यातले पंचाण्णव घेते आणि चकचकीत वीस घेते. तरी काळी पट्टी जास्त तापत नाही आणि चकचकीत गार पडत नाही. म्हणजे काळीने क्षणोक्षणी पंचाण्णवच टाकले पाहिजेत आणि चकचकीतने वीसच. काळीने नव्वद टाकले असते, तर ती आपोआप भिंतींपेक्षा गरम झाली असती. मग एकाच तापमानाच्या भट्टीत, बाहेरून काहीही न करता, एक गरम आणि एक गार वस्तू तयार झाली असती आणि त्या फरकावर फुकटात यंत्र चालवता आले असते. तसे यंत्र निसर्ग चालू देत नाही. सक्ती येते ती इथून.

हा युक्तिवाद पृष्ठभागाच्या आत काय घडते याची चौकशीच करत नाही आणि मला त्याचे मोठेपण त्यात वाटते. तरीही आतले चित्र समजले की गोष्ट मनात पक्की बसते. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. बाहेरून किरण आला की ते असे हालतात की तो पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. धातूच्या आतही उष्णतेमुळे किरण तयार होत असतात आणि बाहेर पडायला पृष्ठभागाशी येतात. तोच दरवाजा त्यांनाही आत परतवतो. चकचकीतपणा म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद असलेले दार. काजळीचे दार दोन्हीकडून सताड उघडे.

दुसऱ्या प्रश्नाची किल्ली मात्र किर्खहॉफच्या वर्षभर आधी, १८५८ मध्ये, एडिंबरोत बाल्फर स्ट्युअर्टने केलेल्या प्रयोगात सापडते आणि तीही मिठात. सैंधवाच्या स्वच्छ स्फटिकातून अवरक्त किरण सहज आरपार जातात, हे तेव्हा माहीत होते. स्ट्युअर्टने सैंधवाची एक चकती तापवली आणि तिच्यातून निघणारे किरण सैंधवाच्याच दुसऱ्या, गार चकतीवर पाडले. काजळीकडून येणारे किरण जी गार चकती सहज जाऊ देत होती, तिनेच तापलेल्या सैंधवाकडून येणाऱ्या किरणांतला बराच मोठा भाग अडवला. मीठ जे किरण टाकते, नेमके तेच किरण ते घेते. बाकीच्यांशी त्याला देणेघेणे नाही.

म्हणजे घेणे आणि देणे यांचा हिशेब एका ढोबळ बेरजेत जुळवायचा नसतो. तो प्रत्येक तरंगलांबीला वेगळा जुळतो. एखादा पृष्ठभाग एका तरंगलांबीला चांगला शोषक असेल, तर त्याच तरंगलांबीला, त्याच तापमानाला तो चांगला उत्सर्जक असेल. दुसऱ्या तरंगलांबीला तो अगदी वेगळा वागू शकतो. शाळेतल्या वाक्यातून हे 'त्याच तरंगलांबीला' गळून जाते आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमानाला आहे. त्याचे किरण बहुतेक सगळे तीन मायक्रॉनच्या आतले, आणि सर्वाधिक जोर अर्ध्या मायक्रॉनच्या जवळ, जिथे आपले डोळे बघतात. आपल्या छपराचे तापमान चाळीस ते ऐंशी अंश. इतक्या कमी तापमानाला निघणारे किरण जवळजवळ सगळे चार मायक्रॉनच्या पलीकडचे असतात आणि जोर आठ-दहा मायक्रॉनच्या आसपास. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत. छप्पर घेते एका पट्ट्यात आणि देते दुसऱ्या पट्ट्यात. त्यामुळे उन्हाबाबतची त्याची शोषकता आणि स्वतःच्या उष्णतेबाबतची उत्सर्जकता हे दोन वेगळे आकडे असू शकतात आणि तरीही किर्खहॉफचा नियम अबाधित राहतो.

चुना पांढरा दिसतो कारण अर्ध्या मायक्रॉनजवळचे किरण तो परतवतो. पण भिंतीवर मारलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि त्याच्या रेणूंमधले बंध दहा मायक्रॉनच्या आसपासच्या किरणांनी हलवले जातात. ते किरण तो पिऊन टाकतो. आपल्याला दहा मायक्रॉनला बघणारे डोळे असते, तर चुन्याची भिंत कोळशासारखी काळी दिसली असती. उन्हाला पांढरा आणि स्वतःच्या उष्णतेला काळा, असा चुन्याचा दुहेरी स्वभाव आहे. कागद, विटा, लाकूड, तैलरंग, पाणी यांपैकी बहुतेक सगळे त्या पट्ट्यात काळेच आहेत. माणसाची त्वचाही तशीच. गोरी असो की सावळी, तिची उत्सर्जकता ०.९८ च्या जवळ असते, म्हणून एकच थर्मामीटर सगळ्यांच्या कपाळाला चालतो. यावरून एक गैरसमजही दूर होतो. काळा रंग लावलेला पत्रा रात्री पांढऱ्या रंगाच्या पत्र्यापेक्षा लवकर निवतो, असे म्हणतात. अंधारात दोन्ही सारखेच निवतात, कारण रात्रीच्या व्यवहारात दोन्ही रंग काळे आहेत. निवण्यात खरोखर मागे पडतो तो रंग न लावलेला चकचकीत धातू.

आता एक छप्पर प्रत्यक्ष हिशेबाला घेऊ. विदर्भातली मे महिन्यातली दुपार. दर चौरस मीटरवर ९०० वॅट ऊन. हवा ३८ अंश, वारा हलका. कोरडे निरभ्र आकाश छपराला सुमारे १७ अंशांच्या घुमटासारखे वाटते, असे धरू, कारण वरची हवा गार आहे आणि कोरड्या हवेतून आठ ते तेरा मायक्रॉनचे किरण थेट अवकाशात निसटतात. वाऱ्याने छपराची उष्णता दर अंशाला १५ वॅट जाते, असे धरू. खालच्या अंगाने काही जात नाही, असे सध्या मानू. प्रत्यक्षात थोडी उष्णता खोलीत उतरते, त्यामुळे खरे आकडे यापेक्षा जरा कमी भरतील.

पहिले छप्पर, चार-पाच पावसाळे खाल्लेल्या जस्ताच्या पत्र्याचे. नवा असताना चमकणारा हा पत्रा आता राखाडी झाला आहे. उन्हाबाबत त्याची शोषकता ०.८० आणि स्वतःच्या उष्णतेबाबत उत्सर्जकता ०.२८. तो ७२० वॅट घेतो. तेवढेच बाहेर टाकेपर्यंत त्याला तापत जावे लागते आणि तो थांबतो ७७ अंशांना. तिथे वारा ५९० वॅट नेतो आणि किरणांवाटे जेमतेम १३० वॅट जातात.

दुसरे छप्पर तेच, पण वरून चांगला पांढरा रंग दिलेले. शोषकता ०.२५, उत्सर्जकता ०.९०. ते फक्त २२५ वॅट घेते आणि ४३ अंशांना स्थिरावते. वारा ७५ वॅट नेतो आणि किरणांवाटे दीडशेच्या जवळपास वॅट आकाशात जातात.

या आकड्यांत एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. पत्रा पांढऱ्या छपरापेक्षा ३४ अंशांनी जास्त तापलेला असूनही किरणांवाटे पांढऱ्यापेक्षा कमी उष्णता टाकतो. पांढरे छप्पर आपली दोन तृतीयांश उष्णता आकाशाला देते, पत्रा पाचवा हिस्साही देत नाही.

कोणी म्हणेल, पांढरा गार राहतो तो केवळ ऊन कमी घेतो म्हणून. हेही तपासता येते. समजा एक घासलेले ॲल्युमिनियमचे छप्पर आहे आणि तेही पांढऱ्याइतकेच, म्हणजे ०.२५ ऊन घेते, फक्त त्याची उत्सर्जकता ०.०५ आहे. त्याच हवेत ते ५२ अंशांना जाते, पांढऱ्यापेक्षा ९ अंश वर. आता वारा पडू द्या. दर अंशाला १५ ऐवजी ६ वॅट जाऊ लागले की पांढरे छप्पर ४७ अंशांवर थांबते आणि ॲल्युमिनियम ७२ वर पोचते. दोघांनीही सारखेच ऊन घेतले होते. पंचवीस अंशांचा हा फरक निव्वळ उत्सर्जकतेचा आहे. वारा असेपर्यंत धातूची ही उणीव झाकली जाते. वारा थांबला की उष्णता जायला किरणांचीच वाट उरते आणि ती वाट धातूला बंद असते.

उलटा स्वभावही बनवता येतो. ऊन भरपूर घ्यायचे आणि स्वतःची उष्णता अडवून धरायची, असा लेप. इस्रायलमधल्या हॅरी टेबरने १९५५ मध्ये असा लेप मांडला आणि आज आपल्या गच्च्यांवरच्या सोलर हीटरच्या काचनळ्यांत तो असतो. आतल्या नळीवरचा तो गडद लेप उन्हातले नव्वदपेक्षा जास्त टक्के किरण घेतो आणि त्याची उत्सर्जकता मात्र दहा टक्क्यांच्या आत असते. डोळ्यांना तो काळा दिसतो, दहा मायक्रॉनला मात्र तो आरसा आहे. दोन काचांमधली हवा काढलेली असल्याने वाऱ्याची वाटही बंद, म्हणून पाणी चांगले तापते. नळीच्या टोकाशी चंदेरी डाग असतो तो बेरियमचा. तो दुधी पांढरा झाला की निर्वात गेला असे समजावे. लेप मग कितीही चांगला असला, तरी ती नळी बदलण्याशिवाय इलाज नाही.

छपराकडे परत येऊ, कारण तिथे लोकांचे खरे पैसे आणि खरा त्रास गुंतलेला आहे. शेडवर चंदेरी रंग मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. चमकते म्हणजे ऊन परतवते, असा त्यामागचा विचार. तो अर्धाच बरोबर आहे. त्या रंगात ॲल्युमिनियमची पूड असते, तिच्यामुळे उत्सर्जकता साध्या पांढऱ्या रंगाच्या साधारण निम्म्यावर येते. ऊन परतवण्यातही तो पांढऱ्याच्या मागेच असतो. गंज थांबवण्यासाठी चंदेरी रंग ठीक आहे. गारव्यासाठी मी तो कोणाला सुचवणार नाही.

पांढऱ्या रंगाच्याही मर्यादा आहेत. धूळ आणि काजळी बसली की त्याची शोषकता वाढत जाते, उत्सर्जकता मात्र फारशी बदलत नाही, कारण धूळही दहा मायक्रॉनला काळीच असते. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छप्पर धुऊन घेण्याचा फायदा खराखुरा आहे. दमट हवेत आकाशाचा तो गार घुमटही उबदार होतो. हवेतली वाफ अवरक्त किरण अडवते आणि स्वतःचे किरण खाली पाठवते. त्यामुळे कोकणात जूनच्या ढगाळ दिवसांत किरणांवाटे होणारी सुटका बरीच घटते. तिथे पांढऱ्या रंगाचा उपयोग मुख्यतः ऊन परतवण्यापुरता उरतो.

स्वतःचे छप्पर तपासायचे असेल, तर गन थेट उघड्या पत्र्यावर रोखू नका. वरच्या हिशेबातला ७७ अंशांचा पत्रा तिला ३७ च्या आसपास दिसेल, कारण तिला पत्र्यात आकाशाचे प्रतिबिंब दिसते. पायाला चटका बसतो आहे आणि गन हवेइतकेच तापमान सांगते आहे, असे झाले की उत्सर्जकता कमी असल्याचे ओळखावे. पातेल्याला लावली तीच युक्ती इथे चालते, पण थोडी बदलून. काळी पट्टी वरून लावली तर ती स्वतःच ऊन पिऊन तापेल. म्हणून ती पत्र्याच्या खालच्या अंगाला, सावलीत चिकटवावी आणि तिथे मोजावे. पत्रा पातळ असतो, वरचे आणि खालचे तापमान जवळजवळ एकच असते.

खालच्या अंगाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. वरून रंग काढला की उरलेला रंग खालूनही मारून टाकण्याचा मोह होतो, खोली उजळ दिसते म्हणून. पण खालचे अंग ऊन घेत नाही, ते फक्त खाली बसलेल्या माणसांवर किरण टाकते. ७७ अंशांचा पत्रा खालून उघडा असेल, तर तो दर चौरस मीटरला सुमारे ९० वॅट खाली पाठवतो. त्यालाच खालून रंग दिला, मग तो पांढरा असो की कुठलाही, तर हाच आकडा तीनशेच्या जवळ जातो. तापमान तेच धरले, तरी डोक्यावरची झळ तिपटीहून जास्त होते. तेव्हा रंग वरून द्या आणि पांढरा द्या. घेताना दुकानदाराला दोन्ही आकडे विचारा, ऊन किती परतवतो आणि उत्सर्जकता किती. खालचा पत्रा मात्र तसाच उघडा, चकचकीत राहू द्या.